अध्यक्षांचा निर्णय अंतिम राहील

गल्लीच्या टोकाला झेरॉक्स-टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणत. तरुणपणी त्या व्हॉलीबॉल खेळायच्या. गुडघा गेला आणि क्लबचं सचिवपद गळ्यात पडलं. क्लब म्हणजे एक मैदान, दोन खोल्या आणि बासष्ट सभासद. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनीच नियमावली टाइप केली होती, अवघी दीड पानाची. तेव्हा अध्यक्ष होते त्यांचे मामा. "घरचाच कारभार, कशाला पाल्हाळ?" म्हणत मामांनी शेवटचं वाक्य सांगितलं: वाद झाल्यास अध्यक्षांचा निर्णय अंतिम राहील. ताईंनी ते बिनदिक्कत टाइप केलं.

मामा गेले. खुर्ची गावातली बांधकामं घेणाऱ्या ठेकेदारांकडे आली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. लागोपाठ किती वेळा निवडून यायचं हे त्या दीड पानात कुठेच नव्हतं.

वार्षिक सभेला महिना उरला असताना ठेकेदारांचा मेहुणा ताईंच्या काउंटरवर सभासदत्वाच्या अर्जांचा गठ्ठा टाकून गेला. अठ्ठेचाळीस अर्ज, सगळे एकाच हस्ताक्षरात भरलेले, सहीच्या जागी बहुतेक अंगठे. त्याच आठवड्यात दोन अनोळखी माणसं टेप लावून मैदान मोजत होती. क्लबच्या कोचने हटकलं तर म्हणाली, "सहज."

अर्ज मंजूर करायचे कार्यकारिणीने. पाच जण बसले: ठेकेदार, मेहुणा, कोच, चष्म्याचं दुकान चालवणारे खजिनदार आणि ताई.

"यातल्या कुणी चेंडूला कधी हात तरी लावलाय?" कोचने विचारलं.

"खेळता यायला हवं असं नियमात कुठंय?" ठेकेदार म्हणाले.

खरंच नव्हतं. तरी तीन विरुद्ध दोन मतांनी अर्ज सभेनंतर बघायचं ठरलं. ठेकेदार चिडले नाहीत. ताईंना त्याचीच जास्त भीती वाटली.

"मग ताई, हा वाद झाला की नाही?"

"झाला."

"वाद झाला तर काय करायचं, वाचा बघू."

ताईंनी स्वतः टाइप केलेलं वाक्य वाचलं.

"माझा निर्णय: अठ्ठेचाळीसही जण आजपासून सभासद."

बाहेर पडताना खजिनदार कुजबुजले, "ठेकेदार माझ्याकडे सह्या केलेले कोरे चेक मागतायत. बँकेत माझी एकट्याची सही चालते ना?"

"चालते," ताई म्हणाल्या. तेही त्यांनीच टाइप केलं होतं.

चार दिवस त्या नवा मसुदा लिहीत बसल्या. नव्या सभासदाला सहा महिन्यांनी मत. पदाधिकाऱ्याला लागोपाठ दोनच मुदती. बँकेत दोघांच्या सह्या. मैदान विकायचं तर एकूण सभासदांपैकी तीन चतुर्थांश हवेत. क्लब बंद पडलाच तर मालमत्ता दुसऱ्या क्रीडासंस्थेला, सभासदांत वाटणी नाही. वाद तीन तटस्थ सभासदांच्या समितीपुढे; लेखी नोटीस, दोन्ही बाजूंचं म्हणणं, आणि सर्वसाधारण सभेकडे अपील. नियमाप्रमाणे सभेच्या चौदा दिवस आधी त्यांनी हा मसुदा सगळ्यांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या कुलपात कुणीतरी डिंक भरला होता. मग फोन येऊ लागले. पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा.

"आई, सोड ना तो क्लब," लेक म्हणाली. ताईंनी नवं कुलूप आणलं.

त्या अठ्ठेचाळिसांतला एक गवंडी मसुद्याची नोटीस घेऊन दुकानात आला. "बाई, हे वाचून दाखवा. आम्हाला फक्त विरोधात हात वर करायला सांगितलंय. नाही केला तर काम जाईल."

ताईंनी सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, "हात दिसतो, दादा. चिठ्ठी दिसत नाही. दहा सभासदांनी लेखी मागणी केली की मतदान चिठ्ठीने घ्यावं लागतं."

त्याने नोटीस घडी घालून खिशात ठेवली.

सभेत ताईंनी दहा सह्यांचा कागद पुढे केला. ठेकेदारांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मसुद्यावर अठ्ठ्याण्णव चिठ्ठ्या पडल्या. नियम बदलायला दोन तृतीयांश म्हणजे सहासष्ट हव्या होत्या, सदुसष्ट मिळाल्या. कोचने ताईंचा हात घट्ट धरला.

मग अध्यक्षपदाची निवडणूक आली. ठेकेदार उभे राहिले.

"तुमच्या दोन मुदती कधीच झाल्या!" कोच ओरडला.

"मागच्या मुदती मोजायच्या असं मसुद्यात लिहिलंय का?"

ताईंनी कागद उलटसुलट पाहिला. नव्हतं लिहिलेलं. आधीच दाखल झालेल्या अठ्ठेचाळिसांना सहा महिन्यांची अट लागू होते, असंही नव्हतं. ठेकेदार दोन मतांनी निवडून आले, ताईंचं सचिवपद मेहुण्याकडे गेलं.

आठवड्याने नव्या समितीकडे पहिली तक्रार आली, ताईंच्या विरोधात. सभासदांना फितवलं म्हणून त्यांना काढून टाका. जुना नियम असता तर त्या त्याच संध्याकाळी क्लबबाहेर असत्या. आता पंधरा दिवसांनंतरची तारीख होती आणि त्यांना बोलायची संधी होती.

साक्षीला गवंड्याला बोलवावं म्हणून त्या ठेकेदारांच्या बांधकामावर गेल्या. मुकादम म्हणाला, असा कुणी इथे कधी कामाला नव्हता.