शब्दाला शब्द

नूतन बिसेनने आयुष्यात एकदाच मुद्दाम वाईट काम केलं, आणि ते इतकं नीट केलं की कुणाला त्यात चूक काढता आली नाही.

तिरोडा तालुक्यात, बोदलकसा तलावाच्या अलीकडे तिचं माहेर. घरात पोवारी, बांधावर झाडीबोली, बाजारात हिंदी आणि शाळेच्या वहीत मराठी. चार भाषांमधून रोज ये-जा असल्यामुळे कुठला शब्द कुठे चालतो आणि कुठे तोंडावर आपटतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. गोंदियात गोरेलाल चौकामागच्या एका फ्लेक्सच्या दुकानात ती सतरा वर्षं कॉम्प्युटरवर बसत होती. वाढदिवस, श्रद्धांजली, नेत्यांचं स्वागत असले फलक करता करता, बाहेरून येणाऱ्या हिंदी जाहिराती मराठीत करायचं कामही हळूहळू तिच्याकडेच आलं. नागपूरचा एक जाहिरात एजन्सीवाला, हेमेंद्र नावाचा, तिला असं काम नियमित पाठवायचा.

तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडून एका टॉर्चची ओळ आली होती: ‘अंधेरे की बत्ती गुल!’ हिंदीत यात गंमत होती. बत्ती गुल करणं म्हणजे एखाद्याचा पार निकाल लावणं. पण मराठीत शब्द तसेच उचलले तर ‘अंधाराचा दिवा विझला’ असं काहीतरी व्हायचं, आणि दिवा विझवणारी टॉर्च कोण घेईल? नूतनने शब्द सोडून दिले. ही ओळ ऐकल्यावर माणसाला काय होतं, एवढंच तिने पाहिलं. ओठ हलतात, हसू येतं आणि अंधाराची कुणीतरी जिरवली असं वाटतं. मराठीत असं कशाने होईल? दोन दिवस ती सायकलवर तेच घोळवत होती. मग सुचलं:

‘अंधाराची वाट लावतो, तुम्हाले वाट दावतो!’

हिंदीतला एकही शब्द त्यात उरला नव्हता, पण हसू तेच होतं. ओळ चालली. रात्री ओलित करायला, शेताला पाणी द्यायला जाणारी माणसं टॉर्च पेटवताना ती म्हणू लागली. सहा महिन्यांनी पेपरात फोटो आला. हेमेंद्रच्या हातात ट्रॉफी, आणि खाली छापलेलं, ‘ओळ व संकल्पना: हेमेंद्र.’

तिने फोन केला. तो हसला.

“नूतन, तू टायपिस्ट आहेस ना? कल्पना हिंदीत तयार होती. तू शब्द बदलले, बस. याले भाषांतर म्हणते.”

तिने वाद घातला नाही. तो फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. रोज सकाळी साडी काढताना हेमेंद्रचे दात दिसायचे. तिच्या नवऱ्याने एकदा विचारलं, “हे कायले लावून ठेवलं?” ती म्हणाली, “विसरू नये म्हणून.”

यंदा मे महिन्यात हेमेंद्रचाच मेसेज आला. रायपूरच्या एका बियाणे कंपनीचं धानाचं नवं वाण होतं. छत्तीसगडात मोहीम जोरात चालली होती, आता तीच गोंदिया-भंडाऱ्यात आणायची होती. चित्रात पिकलेल्या, पिवळ्याधमक धानाच्या मधोमध खाटेवर निवांत झोपलेला शेतकरी. खाली ओळ: ‘खेत में सोना ही सोना!’

नूतन ओळीकडे बघत राहिली. हिंदीत एकाच ‘सोना’ शब्दात सोनंही होतं आणि झोपही. मराठीत हा शब्द मधोमध फुटतो. सोनं एकीकडे जातं, झोप दुसरीकडे.

आणि झोप जिथे जाते तिथे काय उभं आहे, हे तिला लगेच दिसलं. पावसा-वाऱ्याने पीक आडवं झालं की तिच्याकडचा शेतकरी काय म्हणतो? धान झोपला. पंचनाम्याच्या दिवसांत तिच्या बापाच्या तोंडात दुसरा शब्द नसायचा.

दुपारच्या चहापर्यंत तिच्या डोक्यात चांगली ओळ तयार झाली होती. चित्र बदलायचं. खळ्यावर धानाची मोठी रास, बाजूला शेतकरी, आणि वर लिहायचं: ‘यंदाचं भविष्य? रास बघा!’ सोनं नाही, झोप नाही, पण सुबत्ता आहे, निर्धास्तपणा आहे, आणि एका शब्दात दोन अर्थ खेळतात, अगदी हिंदीसारखे. तिने ती ओळ कागदावर लिहिली, कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

मग हेमेंद्रला मेसेज केला: “सर, मराठीत हा श्लेष होत नाही. वेगळी ओळ लिहू का?”

उत्तर लगेच आलं: “क्लायंटला हिंदी ओळच पाहिजे. दोन्ही अर्थ आले पाहिजेत. शब्दाला शब्द. स्वतःचं डोकं लावू नको.”

तिने तो मेसेज दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना तिच्या चेहऱ्यावर आलेलं हसू पाहून शेजारच्या मशीनवरचा माणूस म्हणाला, “काय ताई, लॉटरी लागली?”

एजन्सीच्या तक्त्यात चार रकाने असायचे. मूळ ओळ, मराठी ओळ, मराठीचं पुन्हा शब्दशः हिंदी, कारण क्लायंटला मराठी येत नसे, आणि शेवटी शेरा. मराठीत काही अडचण, दुसरा अर्थ, धोका असला तर तो शेऱ्यात लिहायचा. नूतनने दुसऱ्या रकान्यात लिहिलं: ‘शेतात सोनंच सोनं, शेतात झोपच झोप!’ तिसऱ्यात: ‘खेत में सोना ही सोना, खेत में नींद ही नींद!’ अगदी बरोबर, कुठे काना-मात्रा इकडे-तिकडे नाही.

चौथ्या रकान्यात कर्सर उघडझाप करत होता. तिथे एक वाक्य पुरलं असतं. तिने तो रकाना कोरा ठेवला आणि फाइल पाठवून दिली.

रायपूरला हिंदी रकाना वाचून मंजुरी मिळाली. हेमेंद्रने मराठीकडे पाहिलंही नसावं. पाहिलं असतं तरी काय? तो नागपुरात वाढला होता. धान त्याने ताटातच पाहिला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिरोडा, आमगाव, सालेकशापर्यंत फलक लागले. रविवारी नूतन मुद्दाम बस धरून तिरोड्याला गेली. केशोरावांच्या कृषी केंद्रासमोर सगळ्यात मोठा फलक होता. केशोराव तिच्या बापाचे लहानपणापासूनचे दोस्त. दुकानासमोर सात-आठ शेतकरी उभे होते, आणि उदेभान नावाचा एक म्हातारा मोठ्याने वाचून दाखवत होता.

“शेतात झोपच झोप! अरे, बाकीचे कंपनीवाले लपवते. हे तं लिहूनच देऊन राहिले, का बा आमचा धान झोपते!”

“आन् तो पहा, शेतकरी बी झोपला,” दुसरा म्हणाला.

“झोपन नाही तं काय करन? पीक आडवं झाल्यावर उठून कोठी जाईन?”

हसण्याचा एकच गलका उठला. नूतन रस्त्याच्या पलीकडे उभी राहून ऐकत होती. त्या दिवशी तिने चौकात उभ्याउभ्या दोन समोसे खाल्ले, आणि तिला ते लग्नातल्या जेवणासारखे लागले.

आठवड्याभरात फलकाचा फोटो मोबाइलवर तालुकाभर फिरला. त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं! कंपनीची टीना नावाची मार्केटिंग मॅनेजर रायपूरहून गोंदियाला आली, आणि तिच्या मागोमाग हेमेंद्र. दोघं सरळ फ्लेक्सच्या दुकानात आले.

हेमेंद्र आधी ओरडला. “मॅडम, ये यहां की टायपिस्ट है. इसीने गडबड की.”

नूतनने मोबाइल टीनाच्या हातात दिला. ‘शब्दाला शब्द. स्वतःचं डोकं लावू नको.’ नूतनने त्याचा हिंदीत अर्थ सांगितला. टीनाने हेमेंद्रकडे पाहिलं. त्याचा आवाज खाली आला.

“तुले मालूम होतं?” त्याने विचारलं. “धान झोपते म्हणून, मालूम होतं ना?”

“होतं.”

“मग सांगितलं काऊन नाही?”

“टायपिस्ट काय सांगणार, सर? मी शब्द बदलले, बस. याले भाषांतर म्हणते.”

आपलंच वाक्य आहे हे त्याला आठवलं की नाही, नूतनला कळलं नाही. तिला तर रोज सकाळी आठवत होतं.

टीनाने शांतपणे विचारलं, “अब क्या हो सकता है?” नूतनने पर्समधून कागद काढला. रास म्हणजे धानाचा ढीग आणि रास म्हणजे पत्रिकेतली, हे समजावून सांगितलं, आणि हेही की चित्र बदलल्याशिवाय ही ओळ उभी राहणार नाही. टीना हसली, मग गंभीर झाली. “ये पहले क्यों नहीं दिया?”

“किसीने मांगा नहीं,” नूतन म्हणाली. “अब देती हूं. पर लाइन पर नाम मेरा रहेगा. और टॉर्चवाली लाइन मेरी थी, ये सर अभी, यहीं लिखकर दें.”

हेमेंद्रने दुकानाच्याच लेटरहेडवर लिहून दिलं. लिहिताना त्याचा पेन दोनदा अडला. नूतनने कागद वाचला, त्यातलं ‘नुतन’ दुरुस्त करून ‘नूतन’ करायला लावलं आणि मग घेतला. कंपनीचं पुढचं काम त्याच्या एजन्सीला मिळालं नाही, असं पुढे कानावर आलं. तिला वाईट वाटलं नाही.

वाईट वाटलं ते केशोरावांचं. नूतनच्या ओळीचे नवे फलक येईपर्यंत पऱ्ह्यांची, म्हणजे धानाची रोपं टाकायची वेळ निघून चालली होती. लोकांनी दुसरं बियाणं नेलं, आणि त्या वाणाच्या पिशव्या केशोरावांच्या गोदामात तशाच राहिल्या. वाण चांगलं होतं, ते झोपणारंही नव्हतं. नूतनने महिनाभर सगळ्याचा हिशेब मांडला होता. मेसेज कोण वाचेल, दोष कुणावर जाईल, हेमेंद्र काय म्हणेल. फलक शेवटी कुणाच्या दारात उभा राहील, एवढंच तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

ती दुकानात जाऊन त्यांना सगळं सांगून मोकळी झाली. केशोरावांनी समोरचं पावतीपुस्तक मिटलं. मग म्हणाले, “पोरी, झगडा तुया त्या नागपूरवाल्याशी होता. हसले लोक माह्या दुकानावर.”

“हो काका.”

“पुन्हा असं करशील का?”

नूतनने त्यांच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवूनच पाऊल टाकलं होतं.

“करीन,” ती म्हणाली. “पण तुम्हाले आधी सांगीन.”

केशोरावांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते सांगता येणार नाही. मग ते उठले, गोदामाचं दार उघडलं आणि म्हणाले, “चाल, पिशव्या मोजू लाग. कंपनीले वापस धाडाच्या आहेत.”

तिने पदर खोचला आणि आत गेली.