मेलमधली किडनीची ओळ

सदाशिव पेठेतल्या त्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत मला दारात थांबवलं. मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. गळ्यात टाय, हातात बॅग, तोंडात पाठ केलेलं भाषण. त्या म्हणाल्या, "अहो, रुग्ण खोळंबलेत. आपण मेल करा. विशेषणं घरी ठेवा."

तेव्हा दवाखान्यांत नुकतेच कॉम्प्युटर आले होते आणि आमच्या साहेबांना मेल म्हणजे फुकटची जाहिरात वाटायची. आमची मधुमेहाची नवी गोळी बाजारात आली होती. साहेब तिला 'क्रांती' म्हणत. क्रांती कसली, तर जुन्या गोळीच्या जोडीला घेतली की साखर आणखी थोडी उतरायची.

मी मेल तयार केला. मजकूर कंपनीच्या वैद्यकीय विभागानं मंजूर केलेलाच. गोळी कोणाला द्यायची, त्रास काय होऊ शकतो, चाचणीत तुलना औषध नसलेल्या गोळीशी केली होती, दुसऱ्या औषधाशी नव्हे, वयस्कर रुग्णांबद्दल माहिती अजून अपुरी आहे, आणि किडनी फार अशक्त असेल तर देऊ नये. सोबत पूर्ण माहितीपत्रक जोडलं.

साहेबांनी तोंड वाकडं केलं. "अरे, आपण गोळी विकतोय की लोकांना घाबरवतोय? किडनीची ओळ काढ. वर 'पूर्णपणे सुरक्षित' टाक. नाहीतर बदली पक्की समज."

बायकोची नोकरी पुण्यात, मुलीची शाळा पुण्यात. मी टरकलोच. पण डॉक्टरीणबाई माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवणार आणि गोळी गिळणार तिसरंच कुणीतरी, हे काही डोक्यातून जाईना. शेवटी साहेबांना न सांगता होता तसा मेल पाठवला. उत्तर आलं, "वाचला. ज्यांना चालेल त्यांना देईन."

महिनाभरानं साहेब स्वतःच्या आईला बिबवेवाडीहून त्याच बाईंकडे घेऊन गेले. ऐटीत म्हणाले, "आईला आमचीच गोळी लिहा." बाईंनी आईंचे रिपोर्ट पाहिले आणि कॉम्प्युटरचा पडदा साहेबांकडे वळवला. "किडनी फार अशक्त आहे यांची. आणि हे तुमच्याच माणसानं लिहिलंय. वाचता ना?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे सगळं साहेबांनीच मला सांगितलं. आवाज चक्क ओला होता. "बरं झालं रे, ती ओळ होती. आई वाचली."

मला भरून आलं. वाटलं, चला, माणूस सुधारला.

मग ते खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "आता बाकीच्या डॉक्टरांना पाठवशील तेव्हा मात्र ती काढ."

"काढतो, सर," मी म्हणालो. "फक्त त्यांच्या रुग्णांपैकी कोण कोणाचीच आई नाही, तेवढं कळवा."

ओळ राहिली. माझी बदली झाली.