मुरलीने दिलेली वेळ

माझा भाचा मुरली शहराबाहेर श्रीपेरुंबुदूरच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात रात्रपाळी करतो. सकाळी कंपनीची बस त्याला तांबरमला, घराजवळ, सोडते. घरी जाऊन तो झोपतो, अशी त्याची पत्नी संयुक्ता हिची आणि आम्हा सर्वांचीच समजूत होती. संयुक्ता दिवसभर शाळेत शिकवीत असल्याने ही समजूत पडताळण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

गेल्या महिन्यात आमची स्वयंपाकीण आली नाही, म्हणून मी दुपारचे जेवण ॲपवरून मागविले. दार उघडले तो समोर मुरली. अंगावर डिलिव्हरी कंपनीचा टी-शर्ट, हातात माझे पार्सल. माझ्या चेहऱ्याकडे सरळ पाहत तो तमिळमध्ये म्हणाला, "सार, ओटीपी सांगा."

मी हादरलो. त्याने मला ओळखले नव्हते.

मी त्याचे नाव घेतले, तेव्हा दचकून त्याने भिंतीचा आधार घेतला. मी त्याला आत बसविले. त्याच्या मुलीच्या महाविद्यालयाची फी जवळ आली होती, म्हणून त्याने हे काम धरले होते. हवे तेव्हा लॉग-इन करा, असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात बोनस मात्र दुपारच्या गर्दीतल्या ऑर्डरी पुऱ्या केल्या तरच मिळे, आणि नेमकी तीच त्याची झोपेची वेळ. शिकवणी घेण्याचा विचार त्याने आधीच सोडला होता, कारण ठरल्या वेळी जाग येईल याची खात्री नव्हती. घरबसल्या टायपिंगचे काम देणाऱ्यांनी प्रथम अनामत मागितली, तेव्हा ती फसवणूक आहे हे त्याने ओळखले. हे सांगता सांगताच तो खुर्चीत झोपी गेला.

मी संयुक्तेला फोन केला. शाळेतून ती थेट आली. त्याला जागे करून तिने एकच विचारले, पार्सल घेतलंस त्या हॉटेलापासून इथपर्यंत कोणत्या रस्त्याने आलास? मुरलीने बराच वेळ आठवून पाहिले.

"आठवत नाही," तो म्हणाला.

संयुक्तेने हात पुढे केला आणि मुरलीने गाडीची किल्ली मुकाट्याने तिच्या हातावर ठेवली.

"पण फी?" तो पुटपुटला. "मला झोप कधी लागेल तेच सांगता येत नाही, तर कोणाला वेळ कशी देऊ?"

"मग वेळ देऊ नकोस, वार दे," संयुक्ता म्हणाली. "घरचा मिक्सर तूच दुरुस्त करतोस ना? तसेच लोकांचे घे. शनिवारी मिळेल, असं सांग. मधल्या दिवसांत कधीही कर. पण आधी झोप. आणि मामा, शाळेतल्या लोकांना मी सांगते, कॉलेजात फी हप्त्यांनी भरता येते का तेही विचारते. तुम्ही फक्त शेजारपाजारी सांगा."

मी त्याच संध्याकाळी आमच्या इमारतीत सांगितले. सेतुमाधवांच्या घरचा बंद पडलेला मिक्सर पहिला आला. मुरलीने तो घेतला, शनिवारचा वायदा केला आणि मिक्सर न उघडताच आमच्याकडेच झोपी गेला. त्या रात्री कारखान्याला कळवून त्याने रजा घेतली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला जाग आली नाही. शाळेतून सुट्टी घेतलेली संयुक्ता तोवर दर थोड्या वेळाने आत जाऊन त्याचा श्वास पाहून येत होती.