पोहोचलेले थेंब

त्या मे महिन्यात ताई दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी, अकोल्याला आली होती. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन अमरावतीच्या महाविद्यालयात प्रात्यक्षिके घेत असे आणि सुटीत एम.एस्सी.च्या तयारीची पुस्तके घेऊन घरी आले होते. ती पुस्तके मी पहिल्या आठवड्यातच मिटून ठेवली. ताईचा थोरला मुलगा अडीच वर्षांचा होता. गोवर उतरल्यापासून त्याचा उजवा कान वाहत होता. ताई बाळंतिणीच्या खोलीत तान्ह्याजवळ अडकलेली, आई स्वयंपाकात. त्यामुळे हा कान माझ्या वाट्याला आला. खरे म्हणजे मी तो मागूनच घेतला.

गावातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कपाळावरचा आरसा खाली ओढून कान पाहिला. पडद्याला छिद्र पडले आहे, म्हणाले. क्लोरॅम्फेनिकॉलचे थेंब लिहून दिले : प्रत्येक वेळी तीन, दिवसातून तीन वेळा. "दहा दिवसांत वाहणं कमी झालं नाही, किंवा कानामागे सूज आली, तर नागपूरला न्यावं लागेल. हाड कोरून आतला पू काढतात. ऐकू येण्याचं तेव्हा मी काही सांगू शकणार नाही."

हे शेवटचे वाक्य मी ताईला सांगितले नाही.

मी एक वही केली. तारीख, वेळ, थेंबांची संख्या. बाटलीवर 'थंड जागी ठेवावे' असे छापले होते. अकोल्याच्या उन्हात घरातली थंड जागा एकच : माठाचे बूड. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मी तिथे ठेवी आणि वेळ झाली की काढून सरळ कानात सोडी. थेंब पडताक्षणी मूल किंचाळे, हात झाडी, कधी उलटी करी. मी त्याला मांडीवर घट्ट धरून कान वर ओढी, तीन थेंब मोजी, कापसाचा बोळा दाबून बसवी आणि त्याला सोडून देई. तीन म्हणजे तीन. चौथा थेंब चुकूनही पडू दिला नाही.

सहाव्या दिवशी उशीवर पिवळा डाग पहिल्यापेक्षा मोठा होता. मूल डावीकडून हाक मारली तर वळे; उजवीकडून मारली तर खेळतच राही. मी हे दिवसातून दहादा तपासून पाही.

कारण मला सापडले होते. तान्ह्याचे तेलपाणी करायला एक म्हातारी बाई येई. पाय पसरून त्यावर बाळ पालथे घाली आणि तेल चोळून न्हाऊ घाली. जाता जाता बाळाच्या कानात कोमट तेलाचे बोटही फिरवी. थोरल्याच्या कानात तेल घालायचे नाही असे मी तिला पहिल्याच दिवशी बजावले होते.

"तुम्ही माझ्यामागे त्याच्या कानात तेल घालता," मी म्हणाले.

"म्या?" तिने हातातला पाण्याचा गडवा खाली ठेवला. "काहून घालीन वो? तू नाई म्हनलं, म्या नाई घातलं. इतके लेकरं न्हाऊ घातले, कोनी मले खोटं नाई म्हनलं."

"मग कान सुकत का नाही?"

"तुह्या दवाईले इचार ना! मले काय इचारतं?"

"उद्यापासून येऊ नका."

ताई आतून म्हणाली, "अगं, तिला कशाला बोलतेस? बाळाला कोण न्हाऊ घालील?" म्हातारीने पदराने हात पुसले आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेल घालायला कोणी नव्हते. त्याही दिवशी कान तसाच वाहिला.

आठव्या दिवशी मी वही, बाटली आणि मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेले. औषध निकामी ठरले आहे, दुसरे द्या, असे मला म्हणायचे होते. त्यांनी वही चाळली आणि बाटली माझ्या हातात दिली. "छान लिहिलंय. आता माझ्यासमोर घाला बघू."

मी नेहमीसारखे घातले आणि बोळा बसवला. मूल किंचाळले. डॉक्टरांनी बोळा काढला, टॉर्चने आत पाहिले आणि मला वाकायला सांगितले. कानाचे भोक पुवाने काठोकाठ भरले होते. माझे तिन्ही थेंब त्यावर तरंगून बोळ्यात उतरले होते.

"बाटलीतून तीन निघाले, हे तुमच्या वहीत आहे," ते म्हणाले. "आत किती गेले ते कुठे लिहिलंय?"

बाटली माठाच्या बुडाशी असते आणि थेंब पडताच मूल कधी ओकते, हेही मी त्यांना सांगितले. त्यांनी हात धुवायला लावले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. स्वच्छ कापसाची मऊ वात वळायची. काडीला गुंडाळायची नाही. ती कानाच्या तोंडाशी धरून पू टिपायचा, मग दुसरी वात, मग तिसरी. वात कोरडी निघेपर्यंत. बाटली दोन-तीन मिनिटे मुठीत धरून अंगाच्या उबेला आणायची. "पडद्याला भोक आहे. कानाला गार लागलं की पोराला घेरी येते. म्हणून ओकतो तो." मूल डाव्या कुशीवर, उजवा कान वर. "तीन वर्षांच्या आतलं मूल, कान वर नाही, खाली आणि मागे ओढायचा. मग नळी सरळ होते." ड्रॉपर कानाला न टेकवता थेंब कडेने सोडायचे, म्हणजे हवा बाहेर यायला वाट राहते. नंतर कानाच्या भोकापुढचा लहानसा उंचवटा बोटाने चार-पाच वेळा हलके दाबायचा आणि पाच मिनिटे तसेच निजवून ठेवायचे. बोळा नाही. आंघोळीचे पाणी कानात जाऊ द्यायचे नाही.

"आणखी तीन दिवस बघू," ते म्हणाले. "मग नागपूर."

घरी सगळे जमले, फक्त ती पाच मिनिटे जमेनात. मूल उठून बसे आणि थेंब गालावर ओघळत. तिसऱ्या प्रयत्नानंतर मी म्हातारीच्या घरी गेले. ती अंगणात धान्य पाखडत होती.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "तुम्ही तेल घातलं नव्हतं. थेंबच मी चुकीचे घालत होते."

"मंग? आता काहून आली?"

"तो पाच मिनिटं निजत नाही. तुमच्या पायावर निजेल."

तिने सूप बाजूला ठेवले. "इतकी शिकली, अन् लेकरू निजवता येत नाई तुले," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.

तिने पाय पसरले, मुलाला कुशीवर आडवे केले आणि पाठीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटू लागली. मी वाती संपवल्या, मुठीत बाटली धरली, कान खाली ओढला, तीन थेंब सोडले, उंचवटा दाबला. मूल किंचाळले नाही. दुसऱ्या मिनिटाला मात्र त्याने तोंड वेडेवाकडे केले, जीभ बाहेर काढली.

"कलू," ते म्हणाले. "कलू."

"कडू!" म्हातारी घाबरली. "कानातली दवाई तोंडात कशी गेली वो? डोक्यात तं नाई शिरली?"

मीही घाबरले, आणि तशीच डॉक्टरांकडे धावले. ते हसले. पडद्यातल्या छिद्रातून औषध मधल्या कानाच्या पोकळीत उतरते. तिथून घशाकडे एक बारीक वाट असते. कडू लागले म्हणजे औषध जिथे जायला हवे तिथे गेले. इतक्या दिवसांत प्रथमच.

त्या संध्याकाळी मी वहीत 'तीन' लिहिले नाही. 'कडू लागले' असे लिहिले. पुढच्या दिवशी चार वाती लागल्या, नंतर तीन, मग दोन.

ठरल्या दिवशी डॉक्टरांनी कान पाहिला, मुलाचा डावा कान माझ्या तळव्याने झाकायला लावला आणि उजवीकडे मागे जाऊन हळूच विचारले, "लाडू देऊ?"

मूल माझ्या बांगडीशी खेळत होते. काही क्षण गेले. मी तळवा आणखी घट्ट केला.

"दे," ते म्हणाले.

नागपूर टळले. छिद्र अजून आहे, ते बुजेल की नाही हे महिन्याने कळेल, पाण्यापासून जपा, असे डॉक्टर सांगत होते. मी ऐकत होते आणि लाडू कुठे मिळेल याचा विचार करीत होते, कारण मूल मागे वळून त्यांच्यापुढे हात पसरून उभे होते.