शेवटचा ड्रायव्हर

नारायणगावातल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानाची आठवण आली की मला अजून शिसारी येते. जुन्या ग्राफिक्स कार्डांचे नवे ड्रायव्हर बंद झाल्याची बातमी आली आणि मी कामाला होतो ते शेठ खूश झाले. ड्रायव्हर म्हणजे पडद्यावर चित्रं उमटवणाऱ्या या कार्डाला कामाला लावणारं सॉफ्टवेअर. ते नवीन येणार नाही, एवढीच बातमी होती. शेठ मात्र गिऱ्हाइकाला सांगायचे, कार्ड मेलं.

नुसतं सांगून भागत नव्हतं, दाखवायचंही असे. ते काम माझं. मशीनमधला चांगला चालणारा ड्रायव्हर मी काढून टाकायचो. इंटरनेटची वायरही काढायचो, नाहीतर विंडोज आपणहून तो परत आणतं. मग पडदा धुरकट दिसे, खेळ उघडला की एरर येऊन बंद पडे. गिऱ्हाईक निमूट नवं कार्ड घेई.

एकदा येडगावची एक नर्स मशीन घेऊन आली. तिची बहीण लग्न होऊन नाशिकला गेलेली. दोघी रोज संध्याकाळी तासभर ऑनलाइन खेळायच्या, तेवढीच त्यांची भेट. बहिणीने नवा खेळ घेतला होता, हिनेही तो मशीनमध्ये टाकून घेतला होता. तो या कार्डावर चालेल का, एवढंच तिला हवं होतं. शेठनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी ड्रायव्हर काढला.

खेळ बंद पडला. ती पडद्याकडे बघत राहिली. "नवं कार्ड मला आत्ता जमणार न्हाई," ती हळूच म्हणाली. "मंग आमचं खेळणं संपलंच म्हणायचं."

माझी मलाच किळस आली. "ताई, खेळ कार्डामुळे बंद पडला नाही. ड्रायव्हर मीच काढलाय," मी म्हणालो. शेठ ओरडले, "येडा झाला का रं?" मी शेवटचा निघालेला ड्रायव्हर परत टाकला, मशीन बंद करून चालू केलं, खेळातल्या चित्रांची सेटिंग खाली आणली. खेळ चालला. फार देखणा नाही, पण न अडखळता.

खरं ते सगळं सांगितलं. आहे तो ड्रायव्हर कुठे जात नाही, जुने खेळ चालतच राहतात. नव्या खेळांसाठी मात्र सुधारणा येणार नाहीत. एखादा खेळ अडखळला तर कार्डाची कंपनी दुरुस्त करणार नाही. पुढे एखादा खेळ नवाच ड्रायव्हर मागेल आणि सुरूच होणार नाही. तेव्हा कार्ड बदला, आज नको.

तिने बहिणीला लगेच फोन लावला. "चालतंय गं, लई भारी चालतंय!" फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "भाऊ, आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनी गेल्या महिन्यात इथंच कार्ड बदललं. त्यांचं खरंच गेलं व्हतं का?"

"नाही."

"मंग तवा तुमी कुठं व्हता?"

"इथंच, ताई. याच खुर्चीत."

मशीन उचलायला मी पुढे झालो, तर ती म्हणाली, "राहू द्या. माझं मी नेते."