चंद्राच्या आवाजाचं भाडं

कामतघर या यंत्रमागांच्या वस्तीत आवाजाचं काम करायचं तर शुक्रवारीच. बाकीचे सहा दिवस हे लूम बोलतात आणि त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. शुक्रवारी लूमना सुट्टी, म्हणून त्या दिवशी गल्लीत कावळ्याचासुद्धा आवाज ऐकू येतो. धनेश तरेचा स्टुडिओ त्याच एका दिवसावर चालायचा. सीडीच्या दुकानावरचा माळा, भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या, एक माइक आणि एक संगणक. पंखा होता, पण रेकॉर्डिंग सुरू झालं की तो बंद.

तिथे चंद्रा म्हात्रे बोलायची. आठवड्याचे उरलेले दिवस ती एका शेठच्या कारखान्यात लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. वय बत्तीस, शिक्षण बारावी. आवाज असा की ऐकणार्‍याने हातातलं काम थांबवावं, पण का थांबवलं ते त्याला सांगता येऊ नये. तिचा आवाज धनेशला सापडला तो एका जत्रेत. लाउडस्पीकर त्याचे होते आणि हरवलेल्या मुलांची नावं पुकारायला चंद्रा बसली होती. "निळा सदरा घातलेला, रडत नसलेला मुलगा आमच्याकडे आहे," असं ती इतक्या मायेने म्हणाली की त्या एका मुलाला न्यायला दोन आया आल्या.

पहिली दोन वर्षं धनेश देईल ते ती घ्यायची. कधी शंभर, कधी वडापाव. मग धनेशनेच तिला मुंबईतल्या स्टुडिओंची पद्धत सांगितली आणि २००७च्या उन्हाळ्यात तिने एका पुठ्ठ्यावर स्वतःचे दर लिहून त्याला प्लास्टिक चढवून घेतलं. एका तयार मिनिटाला पाचशे रुपये. त्याच कामाची दुसरी भाषा, तयार मिनिटाला चारशे. जाहिरातीसाठी वापर वेगळा, गावच्या केबलवर सहा महिन्यांचे अडीच हजार. पुठ्ठा स्टुडिओच्या दाराला लागला त्याच दिवशी तिने शेठला सांगितलं, "दिवाळीपर्यंतच कांड्या भरीन."

शेठ हसला. "दिवाळीनंतर परत आलीस तर जागा ठेवू का?"

"ठेवू नका," चंद्रा म्हणाली. घरी जाताना मात्र तिने बोटांवर हिशेब केला. पुठ्ठ्यावर लिहिणं सोपं होतं. त्याप्रमाणे पैसे देणारं गिर्‍हाईक अजून एकही आलं नव्हतं.

पहिलं आलं ते मानकोलीहून, आणि नेमकं नात्यातलं. चंद्राची आई मानकोलीची, आणि तिथले केसरीनाथ पाटील आईचे मावसभाऊ, म्हणजे चंद्राचे मामा. मामांच्या भातशेतीवर आता साठ हजार फुटांचं गोडाऊन उभं होतं आणि त्याचा मोठा भाग एका कंपनीने भाड्याने घेतला होता. माल चढवणार्‍या-उतरवणार्‍यांना दाखवायला सुरक्षेची फिल्म हवी, मराठीत आणि हिंदीत, असा कंपनीचा हट्ट होता. मामा मनगटावर सोन्याचं घड्याळ आणि सोबत चौर्‍याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन माळ्यावर चढले. धोंडूआजीला गोडाऊनशी देणंघेणं नव्हतं. तिला भाचीची लेक पेटीत कशी बोलते ते पाहायचं होतं.

मामांनी पुठ्ठा दोनदा वाचला.

"तयार मिनिट म्हंजे? कच्चं बी मिनिट असतं का?"

धनेशने समजावलं. "मामा, ही इथं दोन तास बोलेल. चुकेल, खोकेल, पुन्हा बोलेल. ते सगळं कापून शेवटी फिल्मवर जेवढं राहील, ते तयार मिनिट. तुम्ही फक्त त्याचे पैसे द्यायचे. तिच्या चुका तिच्या अंगावर."

"आणि लिवलेलं पान मीच मागनं बदललं तर?"

"तर ते तुमच्या अंगावर."

मामा विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे ही भरभर बोल्ली तर मिनिटं कमी!"

चंद्राने धनेशकडे पाहिलं. धनेशने संगणकाकडे पाहिलं.

"बोलते भरभर," चंद्रा म्हणाली.

सहा मिनिटांचा मजकूर तिने पावणेचार मिनिटांत म्हटला. मामा घड्याळावर बोट ठेवून प्रत्येक मिनिटाला मान डोलवत होते. मग धनेशने तो ऐकवला. आग, शिडी, विडी, ट्रक मागे घेताना शिट्टी वाजवणे, सगळं एका दमात गडगडत गेलं.

धोंडूआजी घाबरून उठली. "कोन मेलं गो?"

"कुनी न्हाय मेलं, आये. गोडाऊनची फिलिम हाय."

"मंग हिच्या मागं कुत्रं लागलंय का?"

मामांनी घड्याळ बाहीखाली ढकललं. "चंद्रे, बोल तुझ्या चालीनं."

तिच्या चालीने मराठी सहा मिनिटं झालं, हिंदी साडेसहा. तीन हजार आणि सव्वीसशे, एकूण पाच हजार सहाशे. बिलावर तिने जपून लिहिलं : वापर, गोडाऊनमधल्या कामगारांना दाखवण्यापुरता. मामांनी ते न वाचता पैसे दिले आणि वर दोनशे रुपये भाचीला साडीला म्हणून ठेवले. चंद्राला वाटलं, जमलं.

तीन आठवड्यांनी कारखान्याशेजारच्या बिशीत, जिथे लूमवरचे कामगार महिन्याच्या बोलीवर जेवतात, तिला एकाने हाक मारली. "दीदी, आप टीवी में बोल रही हो!"

भिंतीवरच्या टीव्हीत केबलवरची जाहिरात चालली होती. मामांचं गोडाऊन, मामांचा फोन नंबर, आणि तिचा आवाज : "मानकोली नाक्यापासून पाच मिनिटांवर हे कोरडं, सुरक्षित गोडाऊन आहे. इथे चोवीस तास पहारा असतो." फिल्मची पहिली दोन वाक्यं उचलून कापली होती. मामा उरलेले रिकामे गाळे भाड्याने काढत होते. जेवणार्‍यांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रा हातात कांड्यांची टोपली घेऊन उभी राहिली. वीस सेकंदांनी जाहिरात संपली, आणि पाच मिनिटांनी पुन्हा लागली.

मामांकडून पैसे मागायचे की नाही, यावर तिने दोन दिवस काढले. मागितले तर नात्यात बोभाटा. सोडले तर पुठ्ठ्यावरची तिसरी, जाहिरातीची ओळ पुसायची, आणि मग उद्या कोणीही दुसरी पुसायला सांगेल. शेठ तर दिवाळीची वाटच पाहत होता. तिसर्‍या दिवशी ती रिक्षात बसून मानकोलीला गेली.

मामा ओटीवर सुपारी कातरत होते. आजी दाराशी मशेरी लावत होती.

"मामा, केबलवर माझा आवाज लावलात."

"झकास वाजतो! गावात सगली विचारतात, ही बाय कोन? मी सांगतो, भाची हाय माझी."

"त्याचे अडीच हजार होतात. बिलावर लिहिलं होतं, कामगारांना दाखवण्यापुरतं."

सुपारी थांबली. "अगो, आवाज तर मी इकत घेतला! पाच हजार सहाशे मोजलं. माझी वस्तू मी कुठं बी वाजवीन."

"विकला नाही, मामा. वापरायला दिला."

"मामाकडनं दोनदा घ्यायचं?"

"मामाने भाचीला द्यायचंच असतं. घेताना कुणी मामा पाहिलाय?"

आजी फिस्सकन हसली, पण मामा हसले नाहीत. "बघ चंद्रे. तू शिकलेली हायस. पन हे मना पटत न्हाय. पयसं एकदा दिलं की दिलं."

चंद्राने मान वळवली. ओटीवरून गोडाऊन दिसत होतं. त्याच्या छपरावर, हायवेच्या बाजूला तोंड करून, कंपनीचा भला मोठा निळा बोर्ड होता. जाणार्‍या ट्रकांना तो दोन मैलांवरून दिसे. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मामा, कंपनीने गोडाऊन कुठल्या हिशेबाने घेतलं?"

"चौरस फुटानं. का?"

"मग छप्पर त्यांचंच झालं. बोर्ड फुकट लावला असेल."

"फुकट?" मामांचा आवाज चढला. "गाला माल ठेवाया दिलाय, जाहिरात कराया न्हाय! बोर्डाचं भाडं वेगलं हाय. करारात कलम घातलंय मी. वकील म्हनाला राहू द्या, पन मी—"

ते मध्येच थांबले. आजीने मशेरीचं बोट दातांवरून काढलं.

"बोल की पुढं," आजी म्हणाली. "कलम काय म्हनतंय?"

मामांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मग चंद्राकडे, मग पुन्हा बोर्डाकडे, जणू दोघांनी मिळून त्यांना घरात घुसून लुटलं होतं. शेवटी ते आत गेले आणि अडीच हजार घेऊन आले.

"सहा महिनेच ना?"

"सहाच. पुढे वाजवायचा असेल तर पुन्हा."

"माझ्या वकिलापेक्षा तूच बरी," मामा म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं. "आता एक काम फुकट कर. आपली गावची पोरं ती फिलिम बघून माना हलवतात आनि भाइर येऊन विडी पेटवतात. अग्निशामक म्हंजे काय, कुनालाच कलत न्हाय. आपल्या बोलीत करून दे. ती काय वेगली भाषा न्हाय, तुझ्या तोंडातलीच हाय."

चंद्राला हसू आलं. 'हाय'चं 'आहे' करायला तिला माइकसमोर दोन वर्षं लागली होती. 'हाय' तोंडातून निसटला की धनेश संगणकापलीकडून बोट वर करायचा.

"ही बोली हिंदीवाल्याला कळली असती का, मामा?"

"न्हाय."

"मराठी फिल्म तुमच्या पोरांना कळली?"

मामांनी खाली ठेवलेला अडकित्ता पुन्हा उचलला.

"मग वेगळी भाषा. तयार मिनिटाला चारशे."

"दे रं तिला," आजी म्हणाली. "आपल्या बोलीला चारशेचा भाव आला, तर तुला रडू येतंय?"

पुढच्या शुक्रवारी तिघं पुन्हा माळ्यावर जमली. चंद्रा बोलीत बोलू लागली तेव्हा आधी अडखळली. जीभ सवयीने शहराकडे वळत होती. आजी शेजारी बसून चुका काढत होती, "आशी न्हाय गो, आशी!" विडीच्या जागी तर आजीला राहवलंच नाही. माइककडे वाकून तिने दणका दिला, "विडी इझव रं मेल्या, तुझा बाप जलंल!"

धनेश बटणापाशी हात नेऊन थांबला. "हे कापू?"

"खबरदार," मामा म्हणाले. "ह्यालाच पोरं भितील."

काम बरोबर सात मिनिटांचं भरलं. अठ्ठावीसशे. मामांनी नोटा मोजून चंद्राच्या हातात ठेवल्या. यावेळी बिल त्यांनी आधी वाचलं, वापराच्या ओळीवर बोट फिरवत.

आजी मात्र उठेना.

"माझं किती झालं?"

"तुझं काय, आये?"

"मी बोल्ले न्हाय? कापलं का माझं? न्हाय ना? मंग तयारच हाय."

धनेशने पडद्यावर मोजलं. तीन सेकंद. मामांनी कपाळाला हात लावला. चंद्राने मिनिटाला चारशेच्या हिशेबाने आकडेमोड केली आणि आपल्या नोटांमधून वीस रुपये आजीच्या तळहातावर ठेवले.

"जाहिरातीत लावलंस तर वेगलं," आजी म्हणाली आणि पदराच्या गाठीत नोट बांधून जिना उतरू लागली.

शनिवारी सकाळी लूम पुन्हा सुरू झाले. चंद्राने शेठच्या दाराशी कांड्यांची टोपली ठेवली, आणि दिवाळीला अजून महिना असताना सांगितलं की सोमवारपासून दुसरी बाई बघा.