जास्त की मस्त

माझे कान जिनिंगमध्ये गेले. जळगावच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी सोळा वर्षं काट्यावर होतो. कापसाच्या गाड्या मोजायच्या, पावत्या फाडायच्या, आणि पाठीमागे दिवसभर यंत्रांची घरघर. तेव्हा कानात कापूसही कोणी घालत नसे. कापसाच्या ढिगात बसून कानात घालायला कापूस सुचला नाही, याचं मला आजही हसू येतं आणि रागही.

कान एकदम जात नाहीत. आधी चिमण्या गेल्या, मग घड्याळाची टिकटिक, मग बायकामुलांच्या बोलण्यातले बारीक आवाज. स, श, त, ज, च ही अक्षरं हवेत विरून जायची आणि शब्दाचा नुसता सांगाडा कानावर यायचा. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला आवाज ऐकू येतो, शब्द ऐकू येत नाहीत. हे एवढंच मी पुढे शंभर माणसांना समजावून सांगितलं आणि शंभरातल्या नव्वदांनी माझ्या कानात बोंब मारली. बहिऱ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की तिथे दुसरं काही शिरायला जागाच नाही. ओरडलं की शब्द फाटतो. फाटलेलं काय ऐकणार?

समोर माणूस असला की ओठ बघून, चेहरा बघून मी बरंच भागवून नेत असे. फोनवर चेहरा नसतो. म्हणून फोन वाजला की मी आधी इकडेतिकडे बघायचो, दुसरं कोणी उचलतंय का. कारखान्यातला फोन जुना, काळा, वजनदार. माझं कानाचं यंत्र तेव्हा खिशातलं होतं, डबी खिशात आणि तिची वायर कानात. त्या डबीवर 'टी' लिहिलेला एक खटका होता. तो त्या बाजूला केला की बाहेरचा गोंगाट बंद व्हायचा आणि फोनच्या रिसीव्हरचा आवाज तेवढा यंत्र ओढून घ्यायचं. पण त्यासाठी रिसीव्हर कानाला नाही, डबीला लावावा लागे. मी छातीला रिसीव्हर लावून ऐकायचो आणि बोलायची वेळ आली की तोच तोंडाशी आणायचो. कारखान्यातली मंडळी म्हणायची, साहेब फोनला दूध पाजताहेत. मीही हसायचो, दुसरं करणार काय!

नव्वदनंतर घरी फोन आला. नवीन, बटणांचा, दिसायला देखणा. पण त्याचं आणि माझ्या यंत्राच्या त्या खटक्याचं काही जमेना, आवाज अगदी क्षीण यायचा. मग मुंबईहून एक आवाज वाढवणारा रिसीव्हर मागवला. त्याच्या दांड्यावर छोटी चक्री होती, ती फिरवली की आवाज वाढायचा. यंत्र काढून ठेवायचं, रिसीव्हर डाव्या कानाला लावायचा, पंखा बंद करायचा, उजव्या कानात बोट घालायचं. एवढा सगळा सोहळा होईपर्यंत पलीकडचा माणूस अर्धं बोलून मोकळा झालेला असायचा.

बायकोने यावर तोड काढली. आतल्या खोलीत दुसरा फोन जोडून घेतला. घंटी वाजली की मी बाहेरचा उचलायचो आणि ती आतला उचलून दारात येऊन बसायची. पलीकडचा बोलेल तसं ती कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहायची. सगळं नाही, कामाचे तेवढे शब्द. 'उद्या. सावदा. दहाची गाडी.' रविवारी दुपारी टीव्हीवर परभाषेतले सिनेमे लागायचे, त्यांच्याखाली इंग्रजी अक्षरं येत. मी ते सिनेमे मन लावून बघायचो, कारण बोलणं वाचता यायचं. त्यावरून आमच्या घरात बायकोच्या लिहिण्याला 'खालची अक्षरं' असं नाव पडलं. फोन वाजला की मी हाक मारायचो, अगं, खालची अक्षरं!

तिच्या लिहिण्यावाचून मला फक्त एका माणसाचा फोन कळायचा. माझ्या मोठ्या बहिणीचा. आम्ही तिला अक्का म्हणायचो. ती धुळ्याला असायची. आई लवकर गेल्यावर तिनेच मला वाढवलं होतं. शिकलेली फारशी नव्हती, पण फोनवर माझ्याशी कसं बोलायचं हे तिने आपलं आपण शोधून काढलं. आधी नुसतं म्हणायची, "भाऊ, मी अक्का." मग थांबायची. माझा पंखा बंद होईपर्यंत थांबायची. "ऐकू येस का?" मी हो म्हटल्यावर पुढचं. आवाज चढवायची नाही, उलट थोडा जाड करायची आणि एका वेळी एकच गोष्ट सांगायची. आकडा असला तर सुटा सुटा, "एक, पाच" असं. मला नाही कळलं तर तोच शब्द दहादा आपटत बसायची नाही, दुसरा शब्द घ्यायची. 'शनिवार' नाही कळला तर "बाजारना दिवस", 'तांदूळ' नाही कळला तर "भात ज्याना करतस तो". आणि शेवटी, "आते तू सांग, मी काय सांगं?" मी तिचं बोलणं तिला परत म्हणून दाखवायचो, शाळेत पाढे म्हणावेत तसं. चुकलो तर हसायची आणि पुन्हा सांगायची. तिच्याशी बोलताना मी बहिरा आहे हे मला आठवायचंच नाही. तेवढं सुख मला दुसऱ्या कोणी दिलं नाही, हे मी बायकोसमोरही बोललो आहे.

मग एका वर्षी उन्हाळ्यात अक्काला दवाखान्यात ठेवलं. पोटाचं काहीतरी होतं. मी एकदा जाऊन बघून आलो, तेव्हा उठून बसली होती, माझ्याशी भांडलीसुद्धा, की रोडका झालास. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांत घरी सोडू. मी परत आलो. कारखान्यात हंगामाचं शेवटचं काम होतं, रविवारी पुन्हा जायचं ठरवलं.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. बायको नशिराबादला लग्नाला गेली होती. मी घरी एकटा. पंखा बंद केला, चक्री पूर्ण फिरवली, उजव्या कानात बोट घातलं. भाचा होता, अक्काचा मुलगा. दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथमधून बोलत होता. बाहेर रांग असणार, मागून गलका ऐकू येत होता.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. माणूस शेवटच्या घटका मोजत असला तरी आमच्याकडे तसं तोंडाने म्हणत नाहीत. 'जास्त शे' म्हणतात. आजार जास्त आहे, लवकर या. एवढ्यात ऐकणारा काय ते समजतो आणि पायात चपला घालतो. आणि हे सांगताना आवाज आपोआप खाली येतो. वाईट बातमी कोणी मोठ्याने सांगत नाही. भाच्यानेही आवाज खाली आणला. त्याच्या जागी मी असतो तर मीही आणला असता.

"मामा, मायले आते जास्त शे."

माझ्या कानावर आलं ते एवढंच: मामा, मायले, आए, आऽऽ ए. मी त्या सांगाड्यावर मांस चढवलं. माणूस आपल्याला हवं तेच चढवतो.

"मस्त शे?" मी विचारलं. अक्काने लावलेली सवय, ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. पण त्या गलक्यात माझा 'मस्त' त्याच्याही कानाला 'जास्त' वाटला असणार. तो म्हणाला, "हां मामा."

"बरं झालं!" मी म्हणालो. अगदी मनापासून, मोठ्याने म्हणालो. "मंग मी रविवारले येस."

तो काहीतरी बोलला, ते मला कळलं नाही. "रविवारले" एवढं पुन्हा ऐकू आल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "हां, हां, रविवारले." मग खट्ट आवाज झाला. लाइन तुटली असेल म्हणून मी रिसीव्हर खाली ठेवला, पंखा लावला आणि चहा करून प्यालो. किती दिवसांनी तो चहा गोड लागला होता.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. बायको आत होती. पलीकडे धुळ्याचे कोणी शेजारी होते, भाचा नव्हता. मी 'हॅलो हॅलो' करत राहिलो आणि दाराकडे बघत राहिलो. ती कागद घेऊन बसली होती पण लिहीत नव्हती. मी हाताने खूण केली, लिही. तिने लिहिलं, 'अक्का गेल्या.' नेहमीसारख्याच मोठ्या अक्षरांत.

पारोळ्यावरून धुळ्याला पोचेपर्यंत दुपार टळली. अक्काला त्यांनी माझ्यासाठी थांबवलं नव्हतं, नेऊनही झालं होतं. अंगणात बसलेल्या माणसांनी मला जागा दिली, पण भाचा उठून आत गेला. दहा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं, दुःखात आहे.

दहाव्याला पांझरेच्या काठी सगळं उरकल्यावर मीच त्याच्याजवळ गेलो. म्हटलं, बाबा, एकदम कसं झालं? तू तर म्हणाला होतास, मस्त आहे. तो मग माझ्या अगदी समोर येऊन, ओठ दिसतील असा, एकेक शब्द सोडत म्हणाला, "मी म्हनं, जास्त शे. तुम्ही म्हने, बरं झालं."

मी वाळूतच बसलो. मग त्याला सांगितलं, की मला काय ऐकू आलं होतं. तो खाली बसला. रडायला लागला आणि मग जे बोलला ते त्याने बोलायला नको होतं, पण त्यालाही कुठेतरी ओकायचं होतंच.

फोन करून तो दवाखान्यात परत गेला तेव्हा अक्का शुद्धीवर होती. भाऊ काय म्हणाला, असं तिने विचारलं. त्याने रागाच्या भरात जसंच्या तसं सांगून टाकलं. मला ऐकू आलं नसणार हे तिने लगेच ओळखलं. म्हणाली, "त्याले ऐकू नही उनं व्हई. पुन्हा फोन लाव. हळू सांग." तो हो म्हणाला, खाली गेला, बूथबाहेर दोन मिनिटं उभा राहिला आणि तसाच वर आला. माझ्या 'बरं झालं'वर त्याला पुन्हा फोन लावावासा वाटला नाही.

"संध्याकाळलोंग माय इचारे," तो म्हणाला, "लागना का फोन?"

"तू काय सांगितलंस?"

त्याने दुसरीकडे बघून सांगितलं, म्हणून मला ऐकू आलं नाही. मी त्याला पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने तोंड माझ्याकडे केलं.

"मी सांगं, लागस, पन मामा उचलत नही."

त्या दिवशी मी संध्याकाळभर घरीच होतो.